भेंडीचं इंग्रजी नाव कोण ठरवतं?

मुरबाड-शहापूरच्या शेतात निर्यातीची भेंडी तोडायची म्हणजे सकाळी लवकर आणि हातमोजे घालून. भेंडीची लव हाताला लागली की दिवसभर खाज जात नाही, आणि ऊन चढल्यावर तोडलेली भेंडी लवकर मान टाकते. भात निघालं की त्याच जमिनीत, कुठे भातसाच्या कालव्याच्या पाण्यावर तर कुठे विहिरीवर, ही भेंडी घेतली जाते. कोवळी, बोटभर लांब, गडद हिरवी, न वाकलेली. दुपारी ती टेम्पोत असते, संध्याकाळी नवी मुंबईच्या पॅकहाउसमध्ये आणि रात्री सहारच्या कार्गो टर्मिनलवर. दुसऱ्या दिवशी ती युरोपातल्या एखाद्या मंडईत उतरू शकते.

विमानाचं आश्चर्य आता कुणाला वाटत नाही. मला आश्चर्य वाटतं ते वेगळ्याच गोष्टीचं. ही भेंडी विमानात चढण्याआधी निदान पाच कागदांवर तिचं वर्णन लिहिलेलं असतं. लिहिणारी माणसं वेगवेगळी, त्यांची कार्यालयं वेगवेगळी, त्यातल्या बहुतेकांनी एकमेकांना कधी पाहिलेलंही नाही. तरी त्या पाचही कागदांनी एकच गोष्ट सांगायची असते. आणि या सगळ्याच्या मुळाशी काय असतं? व्हॉट्सॲपवर आलेली मराठी चिठ्ठी.

समजा, चिठ्ठी अशी आहे: ‘भेंडी एक नंबर १२० पेटी, हि. मिरची ६० पेटी, कारली ४० पेटी.’ बस. या तीन नोंदींचं इंग्रजी इन्व्हॉइस आणि पॅकिंग लिस्ट करायची आहे. सोपं वाटतं ना? भेंडीला इंग्रजीत काय म्हणतात हे शाळेतल्या पोरालाही माहीत असतं. आता त्या पोरालाच विचारा. एक म्हणेल लेडीज फिंगर, दुसरा म्हणेल ओक्रा, आणि दोघंही बरोबर असतील. नेमकी पंचाईत तिथेच आहे.

आधी हे दोन कागद काय करतात ते पाहू. इन्व्हॉइस पैशाची भाषा बोलतं: कोणी कोणाला, कोणता माल, किती किलो, काय दरानं विकला. पॅकिंग लिस्ट त्याच मालाच्या देहाबद्दल बोलते: किती पेट्या, कोणत्या क्रमांकाच्या पेटीत काय, निव्वळ वजन किती, पेटीसकट वजन किती. भारतातून माल बाहेर पाठवायला सरकार सक्तीनं तीनच कागद मागतं, हे नियमानं ठरलं २०१५ साली. पहिला विमान किंवा जहाज कंपनीची वाहतूक पावती, म्हणजे एअरवे बिल किंवा बिल ऑफ लेडिंग. दुसरा इन्व्हॉइस-कम-पॅकिंग लिस्ट. तिसरा शिपिंग बिल, म्हणजे कस्टम्सकडे संगणकावर भरलेलं निर्यातीचं प्रतिज्ञापत्रच. भाजी असेल तर यात फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट येतं, म्हणजे माल कीड-रोगमुक्त असल्याचा सरकारी दाखला. शिवाय आयात करणाऱ्या देशात माल उतरण्याआधी भरावी लागणारी नोंद आलीच.

आता कस्टम्सच्या अधिकाऱ्याच्या खुर्चीत बसून पाहा. समोर एका रात्रीत जाणारे असंख्य माल आहेत. प्रत्येक पेटी फोडून बघणं अशक्य. भाजी तर तासातासाला शिळी होते. मग तो काय तपासतो? शब्द. कागद एकमेकांशी बोलतात का, हे तो पाहतो. पेटीतली भेंडी त्याला दिसत नाही; त्याच्यापुरती भेंडी म्हणजे ती एक ओळ.

आपल्याला याचा अनुभव नाही असं नाही. आधार कार्डावर नावात एक अक्षर आणि पॅन कार्डावर दुसरं असलं की बँकेच्या खिडकीवर काय होतं, हे आपल्यातल्या निम्म्या लोकांना ठाऊक आहे. माणूस समोर उभा असतो, चेहरा तोच असतो, तरी खिडकीपलीकडून उत्तर येतं: दोन्ही एक केल्याशिवाय काम होणार नाही. भेंडीला तर खिडकीसमोर उभं राहून ‘अहो, मीच ती’ म्हणायचीही सोय नाही.

आता एक जुनी गोष्ट. माझ्या मते या विषयावरची ही सर्वात चमत्कारिक गोष्ट, आणि तीही आपल्याच देशातल्या मालाची. १९४० साली डेन्मार्कमधल्या खरेदीदारासाठी मद्रासहून भुईमूग निघाला होता. पैशाची हमी लंडनच्या हॅम्ब्रोज बँकेची. बँकेच्या हमीपत्रात, ज्याला आपण एलसी म्हणतो, मालाचं वर्णन होतं ‘कोरोमंडल ग्राउंडनट्स’. विक्रेत्याच्या, जे. एच. रेनर कंपनीच्या, इन्व्हॉइसवरही तेच होतं. पण जहाजाच्या बिल ऑफ लेडिंगवर लिहिलं होतं ‘मशीन-शेल्ड ग्राउंडनट कर्नल्स’, म्हणजे यंत्रानं फोडलेले शेंगदाणे.

भुईमुगाच्या धंद्यात या दोन नावांचा अर्थ एकच होतो, हे लंडनच्या बाजारात सगळे जाणत होते. कोर्टातही ते मांडलं गेलं. तरी बँकेनं पैसे दिले नाहीत, आणि इंग्लंडच्या अपील न्यायालयानं बँकेलाच बरोबर ठरवलं. हा निवाडा १९४३च्या निवाडेसंग्रहात छापलेला आहे आणि बँकिंग कायद्याची पोरं तो आजही वाचतात. न्यायालयाचं म्हणणं थोडक्यात असं: बँक हजारो धंद्यांना पैसे पुरवते. प्रत्येक धंद्यात कोणता शब्द कोणत्या शब्दाच्या जागी चालतो, हे तिनं माहीत करून घ्यावं अशी अपेक्षाच चुकीची आहे. बँक कागद पाहते. कागदावर दोन नावं असतील तर तिच्या लेखी दोन माल आहेत.

लक्षात आलं का काय झालं? माल खरा होता, तोलून दिला होता, कुणी फसवलं नव्हतं. अडलं ते समानार्थी शब्दावर!

एलसीचे नियम आंतरराष्ट्रीय वाणिज्य मंडळ ठरवतं. २००७पासून त्यांची जी आवृत्ती चालते, तिच्यात या अनुभवाचं सार फार नेमकं उतरलं आहे. इन्व्हॉइसवरचं मालाचं वर्णन एलसीतल्या वर्णनाशी जुळलंच पाहिजे. बाकीच्या कागदांवर ते ढोबळ असलं तरी चालेल, पण त्याच्याशी भांडणारं नको. म्हणजे इन्व्हॉइसवर ‘फ्रेश ओक्रा’ आणि एअरवे बिलावर ‘फ्रेश व्हेजिटेबल्स’ असेल तर बँकेची ना नाही, कारण भेंडी ही भाजीच आहे. पण इन्व्हॉइसवर ‘ओक्रा’ आणि पॅकिंग लिस्टवर ‘लेडीज फिंगर’ असेल तर? तिथे कागद ढोबळ झालेला नाही, त्यानं दुसरंच नाव घेतलं आहे. ताजी भाजी एलसीवर क्वचितच जाते. मुरबाडच्या एमआयडीसीतल्या कारखान्यांचा या नियमाशी जास्त संबंध येतो. पण ढोबळ चालेल आणि विसंगत चालणार नाही, हा भेद भाजीवाल्यानंही मनात कोरून ठेवावा असा आहे.

गंमत अशी की शाळेत आपल्याला याच्या अगदी उलट शिकवलेलं असतं. निबंधात एकच शब्द पुन्हा पुन्हा वापरू नका, भाषा खुलवा. मग इंग्रजी चांगलं असलेला हुशार मुलगा पॅकहाउसमध्ये कागद करायला बसतो आणि नकळत तेच करतो. इन्व्हॉइसवर ‘ओक्रा’, पॅकिंग लिस्टवर ‘लेडीज फिंगर’, मेलमध्ये ‘भिंडी’. वाचायला छान. कस्टम्सला तीन भाज्या. या कामात कंटाळवाणं लिहिणं हीच कारागिरी आहे.

तर मग भेंडीचं नाव नक्की करायचं कुणी? उत्तरासाठी आपल्याला जावं लागतं लॅटिनकडे.

कार्ल लिनियसनं १७५३ साली वनस्पतींची नावं लावली तेव्हा भेंडीला जास्वंदीच्या प्रजातीत घालून ‘हिबिस्कस एस्क्युलेंटस’ म्हटलं. भेंडीचं पिवळं फूल पाहा, त्याला तसं का वाटलं ते कळेल. पुढे १७९४ साली मेंख नावाच्या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञानं तिला वेगळ्या प्रजातीत नेलं आणि ती झाली ‘एबेलमोस्कस एस्क्युलेंटस’. हे नाव मुरबाडमध्ये कुणी उच्चारत नाही, लंडनच्या भाजीवाल्यालाही ते ठाऊक नसतं. आणि तरीही मुरबाडची भेंडी आणि युरोपच्या विमानतळावरचा तपासनीस यांच्यामध्ये हाच एक शब्द आहे जो दोघांनाही चालतो. आंतरराष्ट्रीय नमुन्यातल्या फायटोसॅनिटरी दाखल्यावर वनस्पतीच्या शास्त्रीय नावासाठी वेगळी जागाच ठेवलेली असते. ओक्रा म्हणा, लेडीज फिंगर म्हणा, आखाती देशांत बामिया म्हणा, त्या जागेत एकच नाव बसतं.

इंग्रजी नावं किती दगा देतात पाहायचंय? अमेरिकेत आपल्या दोडक्याला ‘चायनीज ओक्रा’ म्हणतात! दोडका आणि भेंडीचा काडीचाही संबंध नाही. दोघांच्या अंगावर उभ्या धारा असतात एवढंच साम्य. ‘लेडी फिंगर’ हे एका बिस्किटाचंही नाव आहे आणि एका केळ्याचंही. शेवग्याला कुणी ‘ड्रमस्टिक’ लिहितं, कुणी ‘मोरिंगा’. पण मोरिंगा म्हटलं की आज परदेशात पाल्याची पूड आठवते, शेंग नव्हे. अळूचं तर विचारूच नका. आपण पानाला अळू आणि कंदाला अळकुडी म्हणून मोकळे होतो. इंग्रजीत दोन्हीला नुसतं ‘टॅरो’ लिहिलं तर कस्टम्सच्या कोष्टकात पान एका प्रकरणाच्या एका ओळीत आणि कंद दुसऱ्याच ओळीत जातो.

या कोष्टकाचीही ओळख करून घेऊ, कारण तेही मोठं विलक्षण आहे. १९८८पासून जगातले बहुतेक देश मालाची एकच वर्गवारी वापरतात, एचएस कोड. पाच हजारांहून जास्त गट, प्रत्येकाला सहा आकडे. पहिले दोन आकडे प्रकरण सांगतात: 07 म्हणजे भाज्या. पुढचे दोन ओळ सांगतात: 0709 म्हणजे ‘इतर भाज्या, ताज्या किंवा थंड केलेल्या’. आणखी दोन पोटओळ. मिरचीला स्वतःचा कोड आहे, 0709.60. वांग्याला आहे, 0709.30. आणि आपल्या भेंडीला? ती 0709.99मध्ये, म्हणजे ‘इतरां’मधल्याही ‘इतरां’त!

आता कारल्याकडे वळा. याच ओळीत 0709.93 हा कोड आहे, त्याचं नाव ‘पम्पकिन्स, स्क्वॉश अँड गोर्ड्स’. कारलं इंग्रजीत बिटर गोर्ड, म्हणजे गोर्ड. लावून टाकावं का 0709.93? थांबा. त्या ओळीत पुढे कंसात एक लॅटिन शब्द आहे: कुकुर्बिटा. ही भोपळ्याची प्रजाती. कारलं ‘मोमोर्डिका’, दुधी ‘लॅजेनेरिया’, पडवळ ‘ट्रायकोसँथस’. नावात गोर्ड असलं तरी कुकुर्बिटात यांतलं एकही बसत नाही. म्हणून कारलंसुद्धा भेंडीच्या शेजारी, 0709.99मध्ये जाऊन बसतं. इंग्रजी नावावर विसंबला असतात तर कोड चुकला असता. शास्त्रीय नावानं वाचवलं. भारतात याच्यापुढे आणखी दोन आकडे जोडून आठ करतात. ते तुमच्या कस्टम्स ब्रोकरकडून, ज्याला सगळे सीएचए म्हणतात, लेखी घ्यावेत.

लॅटिन नाव किती महागात पडू शकतं, याचा धडा २०१४ साली मिळाला. भारतीय मालात फळमाशी आणि इतर किडी वारंवार सापडल्या म्हणून युरोपीय संघानं १ मे २०१४पासून आपल्याकडची पाच पिकं बंद केली. वर्तमानपत्रांत गाजला तो हापूस. पण आंब्याबरोबर अळू, वांगं, कारलं आणि पडवळही त्या यादीत होतं, आणि आदेशात ही नावं शास्त्रीय होती. मोमोर्डिका बंद, ट्रायकोसँथस बंद. दुधी आणि दोडका मात्र यादीत नव्हते. आता कल्पना करा, त्या दिवसांत कुणी घाईत चार भाज्या मिळून पॅकिंग लिस्टवर एकच ओळ टाकली: ‘मिक्स्ड गोर्ड्स’. यात बंदी असलेलं कारलं आहे की बंदी नसलेला दुधी, हे वाचणाऱ्यानं ओळखायचं कसं? अशा वेळी कोणताही शहाणा अधिकारी माल थांबवणारच. भेंडीवर ती बंदी नव्हती. पण कीटकनाशकांच्या अंशांसाठी भारतीय भेंडी युरोपच्या जादा तपासणीच्या यादीत आहे. म्हणजे तिचं नाव दिसलं की तपासणीची शक्यता वाढते. ‘आपण दुसरं नाव लिहिलं तर?’ हा विचार कुणाच्या मनात येत असेल तर तो इथेच सोडावा. कस्टम्स कायद्याच्या कलम ११३प्रमाणे ज्या मालाचं प्रत्यक्ष रूप आणि कागदावरची नोंद महत्त्वाच्या बाबतीत जुळत नाही, तो जप्तीस पात्र ठरतो.

एवढं समजल्यावर आपल्या चिठ्ठीकडे परत येऊ. नावांच्या तीन ओळी अशा ठरल्या:

```
FRESH OKRA (ABELMOSCHUS ESCULENTUS)
FRESH GREEN CHILLI (CAPSICUM ANNUUM)
FRESH BITTER GOURD (MOMORDICA CHARANTIA)
```

‘फ्रेश’ का लिहायचं? कारण 0709 ताज्या किंवा थंड केलेल्या भाजीची ओळ आहे. गोठवलेली भेंडी 0710मध्ये जाते. एका शब्दानं कोड बदलतो. ओक्राच का? कारण फायटोचा दाखला सरकारी आहे. त्यावर खाडाखोड चालत नाही, अधिकृत सही-शिक्क्याशिवाय केलेली दुरुस्ती दाखलाच बाद करते. जो कागद बदलायला सर्वात अवघड, त्याच्यावर जे नाव येणार तेच बाकीच्यांनी घ्यावं. इन्व्हॉइस आपल्या हातातलं आहे, ते फायटोच्या मागे जाऊ शकतं. फायटो इन्व्हॉइसच्या मागे धावणार नाही. खरेदीदाराला ‘लेडीज फिंगर’ हवंच असेल तर तेही ओक्राच्या पुढे लावा, पण मग सगळ्या कागदांवर लावा.

पुढचा शब्द ‘एक नंबर’. आपल्याकडे यापेक्षा वरची प्रत नाही. पण इंग्रजीत काय लिहाल? ‘नंबर वन’ लिहिलं तर पॅकिंग लिस्टवर ते पेटीचा अनुक्रमांक वाटतं, कारण तिथे ‘कार्टन नंबर १ ते १२०’ असा स्तंभ असतोच. मग ‘क्लास वन’? इथे खरी मौज आहे. अन्नाच्या आंतरराष्ट्रीय मानकांचं काम पाहणाऱ्या कोडेक्स आयोगानं २०१४ साली भेंडीसाठी स्वतंत्र मानक केलं. त्यात तीन प्रती आहेत: एक्स्ट्रा, क्लास वन, क्लास टू. म्हणजे आपला ‘एक नंबर’ शब्दशः उतरवला की भेंडी आपोआप दुसऱ्या प्रतीची होते! शेतकऱ्यानं वरची प्रत दिली आणि अनुवादकानं एक पायरी खाली उतरवली. मग ‘एक्स्ट्रा’ लिहावं का? तेही सहज लिहू नये, कारण तो दावा होतो आणि माल उतरल्यावर खरेदीदार तो मापून पाहू शकतो. खरेदीदाराच्या ऑर्डरमध्ये प्रत लिहिलेली असेल तर तीच शब्दशः घ्यावी. नसेल तर वर्णनात प्रत आणूच नये. ‘एक नंबर’ ही शेतकरी आणि व्यापारी यांच्यातली बोली आहे, ती तिथेच शोभते.

आणि ‘पेटी’? तीही साधी नाही. बॉक्स, केस, क्रेट, कार्टन, पॅकेज, यातला कुठलाही शब्द शब्दकोशात सापडेल. पण ‘क्रेट’ किंवा ‘केस’ म्हटलं की वाचणाऱ्याच्या डोळ्यासमोर लाकूड येऊ शकतं. लाकडी आवेष्टनाला जगभर वेगळा नियम आहे. लाकडाच्या गाभ्यापर्यंत ५६ अंश तापमान सलग ३० मिनिटं पोचवायचं किंवा दुसरी मान्य प्रक्रिया करायची, आणि तसा ठसा पेटीवर उमटवायचा, म्हणजे लाकडातून कीड देशांतर करत नाही. तुमची भेंडी पुठ्ठ्याच्या खोक्यात आहे, तिला हा नियम लागूच नाही. एक चुकीचा शब्द लिहून तो ठसा कुठे आहे हा प्रश्न कशाला ओढवून घ्यायचा? ‘कोरुगेटेड कार्टन’ लिहा आणि सर्वत्र तेच लिहा.

आता आकडे. भेंडी १२० पेट्या, प्रत्येकी ४ किलो: ४८० किलो. मिरची ६० पेट्या, प्रत्येकी ३ किलो: १८०. कारली ४० पेट्या, प्रत्येकी ४ किलो: १६०. निव्वळ वजन ८२० किलो, पेट्या २२०. रिकामं खोकं ३५० ग्रॅमचं धरलं तर २२० खोक्यांचे ७७ किलो, म्हणून एकूण वजन ८९७ किलो. कोणता आकडा कुठे जातो? इन्व्हॉइसवर दर लागतो तो ८२० किलोंना. एअरवे बिलावर तोललेलं वजन येतं, ८९७. पॅकिंग लिस्टवर दोन्ही असतात. ती या दोघांमधला पूल आहे. घाईत इन्व्हॉइसवर ८९७ पडलं तर खरेदीदार ७७ किलो पुठ्ठ्याला भेंडीचा भाव देईल, म्हणजे अर्थातच देणार नाही, भांडेल. आणि २२० हा आकडा मात्र पाचही कागदांवर जसाच्या तसा हवा. माझं मत विचाराल तर कागद तपासायची सुरुवात नेहमी पेट्यांच्या बेरजेपासून करावी, कारण तिथे ढोबळ वगैरे काही चालत नाही.

पण माणूस थकतो. रात्री दहाला, टेम्पो दारात उभा असताना, कुणाला लॅटिन स्पेलिंग आठवणार? म्हणून जाणते लोक आठवणीवर काही ठेवत नाहीत. एक्सेलमध्ये एक यादी करतात. पहिल्या स्तंभात आपला छोटा संकेत, दुसऱ्यात ठरलेलं इंग्रजी वर्णन, मग कोड, मग एका पेटीचं निव्वळ वजन. इन्व्हॉइस आणि पॅकिंग लिस्ट दोन्ही वर्णन त्या यादीतूनच उचलतात:

```
=VLOOKUP(A5,ITEMS,2,FALSE)
```

यातला शेवटचा FALSE फार मोलाचा. तो म्हणतो, तंतोतंत जुळलं तरच दे, जवळपासचं देऊ नकोस. यादीत नसलेलं काही टाकलं की समोर #N/A येतं. लोक त्याला वैतागतात. मला तो या अख्ख्या व्यवस्थेतला सर्वात प्रामाणिक कारकून वाटतो.

संकेत म्हणून ‘भेंडी’ हा मराठी शब्दच का ठेवू नये? ठेवून पाहा. एकजण ‘भेंडी’ लिहितो, दुसरा ‘भेन्डी’. एकजण ‘मिरची’, दुसरा ‘मिर्ची’. आपल्याला दोन्ही एकच, एक्सेलला वेगवेगळे. त्याहून अवघड म्हणजे व्हॉट्सॲपवरून उचललेल्या शब्दाला कधी कधी न दिसणारं चिन्ह चिकटून येतं. डोळ्यांना शब्द तोच दिसतो आणि जुळणी मात्र होत नाही. म्हणून BHE, MIR, KAR असे तीन रोमन अक्षरी संकेत ठेवलेले बरे. ‘कारली’ आणि ‘कारलं’ यांचाही गोंधळ मग राहत नाही.

कागद तयार झाल्यावर दोन्हींतल्या ओळी खरंच सारख्या आहेत का, हे विचारायलाही एक सूत्र आहे:

```
=EXACT(Invoice!B5,Packing!B5)
```

उत्तर TRUE किंवा FALSE. शेवटी एक मोकळी जागा जास्त पडली तरी हे FALSE सांगतं, एका कागदावर OKRA आणि दुसऱ्यावर Okra असलं तरीही. कस्टम्स लहान-मोठ्या अक्षरांवरून माल अडवणार नाही हे खरं. पण दोन ओळी अक्षरानं वेगळ्या निघाल्या याचा अर्थ त्यातली एक कुणीतरी हातानं टाइप केली आहे. आणि हातानं टाइप केलेली ओळ उद्या ‘लेडीज फिंगर’ व्हायला वेळ लागत नाही.

एवढं करूनही चूक राहते ती आपल्या संगणकाबाहेर. शिपिंग बिल सीएचए भरतो, एअरवे बिल दुसरं कुणी. त्यांच्याकडे तुमची यादी नसेल तर ते आपल्या सवयीचं नाव लिहितील. म्हणून शिपिंग बिल दाखल होण्याआधी त्याची चेकलिस्ट मागून घ्यायची असते, आणि ती पाहायची पद्धतही ठरलेली आहे: एकानं पॅकिंग लिस्ट मोठ्यानं वाचायची, दुसऱ्यानं चेकलिस्टवर बोट ठेवायचं. डोळे परिचित शब्द न वाचताच पुढे सरकतात, कान सरकत नाहीत. दाखल झाल्यावर चूक सापडली तर कस्टम्स कायद्याच्या कलम १४९खाली दुरुस्ती मागता येते. पण ती मागायला अर्ज लागतो, अर्जाला वेळ लागतो, आणि भेंडीकडे वेळ नसतो.

शहापूर-मुरबाडकडे हे काम करणाऱ्यांनी आपली यादी हंगामाआधीच करावी. पंधरा-वीस भाज्यांची शास्त्रीय नावं फायटोच्या जुन्या दाखल्यांवरून घ्यावीत, कोड सीएचएकडून, पेटीचं वजन स्वतः तोलून. यादीची एक प्रत सीएचएला, एक खरेदीदाराला पाठवावी. नाव बदलायचंच असेल तर दोन मालांच्या मधल्या दिवशी बदलावं. टेम्पो निघाल्यावर नाही.